मधल्या चौकटीत एकच अक्षर बसेल असं कोडं कसं रचायचं?

त्रिमूर्तीनगर_ताई
नमस्कार मंडळी. आमच्या कॉलनीतली पाचवीची काही मुलं संध्याकाळी माझ्याकडे शिष्यवृत्तीच्या सरावाला बसतात. परवा एका सरावपत्रिकेत हा प्रश्न आला:

स _ ज
(१) क (२) ह (३) म (४) ट

उत्तरसूचीत (२) दिलंय, म्हणजे ‘सहज’. एका मुलीनं (३) लिहिलं होतं. ती म्हणाली, "काकू, समज." तिच्या शिकवणीत हे उत्तर चूक धरलं, गुण गेला. मला तरी दोन्ही शब्द बरोबर वाटतात.

हे विचारण्याचं खरं कारण वेगळं आहे. कॉलनीच्या वाचनालयात एक फलक आहे. त्यावर दर आठवड्याला असं एक कोडं लावायचं ठरलंय. मुलांचं उत्तर बरोबर असून चूक ठरवलं गेलं तर ती पुन्हा फलकाकडे फिरकणार नाहीत. म्हणून उत्तर एकच निघेल याची खात्री आधी कशी करून घ्यायची, ते सांगा. मी तीन कोडी काढून ठेवली आहेत, पर्याय अजून दिलेले नाहीत:

स _ ई (सनई)
क _ ळ (कमळ)
व _ ल (वकील)

---

गणमात्रा
ताई, उत्तरसूची बरोबर आहे असं मला वाटतं. ‘समज’ हे ‘समजणे’ या क्रियापदाचं आज्ञार्थी रूप आहे, ‘तू हे समज’ म्हणतो तसं. शब्दकोड्यात क्रियापदाची रूपं धरत नाहीत. नाहीतर ‘घ _ त’ ला कोणी ‘घरात’ लिहील, कोणी ‘घडत’ लिहील, आणि कोड्याला काही अंतच राहणार नाही.

आणखी एक. लहान मुलांच्या कोड्यात जोडाक्षर देऊ नका. जोडाक्षर म्हणजे दीड अक्षर. ‘पुस्तक’ हा साडेतीन अक्षरांचा शब्द झाला, त्याला तीन चौकटी देणं चूक आहे.

---

आडवेउभे
ताई, मी काही वर्षं दिवाळी अंकांसाठी शब्दकोडी रचतोय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी ‘समज’. गणमात्रा यांचा नियम योग्य आहे, पण तो इथे लागत नाही. कोशात जसा शब्द मिळतो तसाच घ्यायचा, प्रत्यय लागलेली किंवा काळाप्रमाणे बदललेली रूपं सोडायची, हे बरोबर. ‘घरात’ बाद, ‘घडत’ बाद. पण ‘समज’ हे नामसुद्धा आहे. ‘गैरसमज’ त्यातूनच होतो, आणि ‘पोलिसांनी समज देऊन सोडून दिले’ हे वाक्य पेपरात नेहमी येतं. त्या मुलीचं उत्तर बरोबर होतं, आणि दोष प्रश्न काढणाऱ्याचा. चारच पर्याय तपासायचे होते, तेही तपासले नाहीत. म च्या जागी ख टाकला असता तरी प्रश्न निर्दोष झाला असता.

आता जोडाक्षर. वृत्तात ‘स्त’मुळे आधीचा ‘पु’ गुरू होतो, कदाचित गणमात्रांच्या मनात ते असेल. पण तिथेही अक्षरं मोजताना पु, स्त, क अशी तीनच मोजतात. शब्दकोड्यात ‘स्त’ एका चौकटीत जातो. ‘स्त्री’ तर आख्खा शब्द एका चौकटीत बसतो. लहान मुलांना जोडाक्षर देऊ नये, हे म्हणणं मात्र मलाही पटतं.

आणि तुमची तीन कोडी. स _ ई मध्ये सनई आहे, समई आहे आणि सळईही आहे. तिन्ही रोजच्या वापरातले शब्द, आणि मध्ये काना-मात्रा नसलेलं साधं अक्षर. कान्याला परवानगी असेल तर सफाई, सराई आणि सवाई हेही आले. क _ ळ मध्ये कमळ, कपाळ, कल्लोळ. कविता वाचणारा ‘कराळ’ काढेल. व _ ल तर फारच मोकळा साचा आहे, त्याबद्दल स्वतंत्र लिहितो.

---

वऱ्हाडी_ठेचा
सनई पाहून समई सुचली नाई म्हनजे नवलच हाय ताई. आमची पोट्टी तं ‘सगाई’ बी लिहीन. इकडे साक्षगंध म्हन्तात, पन पोट्टे टीव्ही पाहून सगाईच म्हनतेत. मंग ते चालते का?

---

बेसा_रोड
माझ्या मुलालाही असाच त्रास झाला. ‘ज _ न’ असा प्रश्न होता, पर्यायांत मि आणि मी दोन्ही. त्यानं मि घेतला आणि चुकला. बोलताना दोन्ही सारखेच ऐकू येतात, मग लहान मुलानं ओळखायचं कसं? तो सेमी-इंग्रजीत आहे. जोडाक्षरंही नीट येत नाहीत. काही उपाय आहे का?

---

आडवेउभे
बेसा_रोड, तुमचा प्रश्न निराळा आहे, पण या धाग्याला उपयोगी आहे, म्हणून आधी तोच घेतो.

तीन अक्षरी शब्दातली मधली चौकट म्हणजे शेवटून दुसरं अक्षर, उपान्त्य अक्षर. मराठी शुद्धलेखनात याच जागेसाठी नेमका नियम आहे. शेवटचं अक्षर अकारान्त असेल, म्हणजे त्याला काना-मात्रा काही नसेल, तर मधला इकार-उकार दीर्घ: जमीन, वकील, गरीब, कठीण, वसूल. शेवटी दीर्घ स्वर आला की मधला ऱ्हस्व होतो: वकिली, गरिबी, वसुली, महिना, नमुना. म्हणून ‘ज _ न’ मध्ये कानानं ठरवायची गरजच नाही. न ला काही लागलेलं नाही, तेव्हा मी.

संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मूळ रूप ठेवतात, हा अपवाद. रसिक, गणित, मधुर, चतुर यांत शेवट अकारान्त असून मधला ऱ्हस्व. उलट ‘परीक्षा’त शेवटी दीर्घ आ असून री दीर्घच. मुलाला आधी जमीन–वकील ही जोडी पक्की करून द्या, मग रसिक–गणित ही.

कोडं रचणाऱ्यांनी यातून एक गोष्ट घ्यावी. पर्यायांत मि आणि मी दोन्ही ठेवले की कोडं शब्द ओळखण्याचं राहत नाही, शुद्धलेखनाचं होतं. तेही जरूर विचारावं, पण ‘शुद्ध शब्द तयार करा’ असं वर लिहून.

---

बेसा_रोड
वकील–वकिली त्याला लगेच कळलं. रसिकवर अडला. "मला कसं कळणार कोणता शब्द संस्कृतातला?" म्हणे. मलाही सांगता आलं नाही.

---

गणमात्रा
ते पाचवीत कळत नाही, वाचून वाचूनच कळतं. खूण म्हणून एवढं सांगता येईल की ‘इक’नं संपणारे बहुतेक शब्द संस्कृतातले असतात: रसिक, पथिक, मासिक. ‘ठीक’, ‘बारीक’ यांना ही खूण लागू नाही, म्हणून डोळे झाकून लावू नका.

---

आडवेउभे
आता व _ ल.

आपल्या मनात ‘वकील’ असतो, म्हणून व आणि ल यांच्याकडे पाहिलं की तोच दिसत राहतो. उत्तर विसरल्याशिवाय कोडं तपासता येत नाही. मी कागदावर नुसतं ‘व’ आणि ‘ल’ लिहितो, मध्ये बोटभर जागा ठेवतो आणि मोठ्यानं म्हणत जातो. आधी साधी अक्षरं: वकल, वखल, वगल, असं वहल, वळलपर्यंत. मग कान्याची ओळ: वकाल, वखाल. मग दीर्घ ई आणि दीर्घ ऊ, मग एकार-ओकार, मग अनुस्वार. ऱ्हस्व इ-उ शेवटी घेतो, कारण वर लिहिलेल्या नियमामुळे तिथे फक्त संस्कृत शब्द अडकतात. ३४ व्यंजनं आणि बाराखडीची १२ रूपं म्हणजे ४०८ शक्यता होतात. आकडा मोठा दिसतो, पण तोंडानं म्हणताना नव्वद टक्के जागीच मरतात. कान हा कोशापेक्षा वेगवान असतो.

साध्या अक्षरांत आणि कान्यात मला काही सापडलं नाही. दीर्घ ई च्या ओळीत मात्र एकदम वकील, वडील, वरील. दीर्घ ऊ मध्ये वसूल. एकारात वळेल, वसेल, वदेल येतात, ती क्रियापदाची रूपं म्हणून सोडली. जोडाक्षरं बाराखडीत येत नाहीत, ती वेगळी आठवावी लागतात. वत्सल आणि वल्कल तिथे मिळाले.

झाले सहा. त्यातला ‘वडील’ तर वकिलापेक्षा आधी सुचायला हवा. पर्याय न देता हे कोडं फलकावर लावलंत तर घरोघरी वेगळं उत्तर निघेल.

या तपासणीत माणसं नेहमी काय विसरतात तेही सांगतो. एक जोडाक्षर. दुसरं म्हणजे सुटा स्वर. पाऊस, देऊळ, पाऊल, राऊळ यांत मधलं अक्षर ऊ आहे, आणि व्यंजनांची ओळ म्हणत गेलं की ते हाती लागत नाही. तिसरं, ण आणि ळ. ही अक्षरं शब्दाच्या सुरुवातीला येत नाहीत, म्हणून लवकर सुचत नाहीत, पण मध्ये मुबलक येतात. तुमची ‘सळई’ त्यामुळेच निसटली असावी.

---

मिहानवाला
मी हेच काम संगणकावर करून पाहिलं. शब्दांची यादी असेल तर सोपं आहे, पण एक खाच आहे. नेहमीच्या शोधात `^व.ल$` लिहिलं तर वकील सापडत नाही. टिंब म्हणजे एक चिन्ह, आणि संगणकासाठी ‘की’ ही क आणि ी अशी दोन चिन्हं आहेत, ‘त्स’ तीन. म्हणून आधी शब्दाचे अक्षरांत तुकडे करायचे, मग जुळवायचं:

```python
import re
AKSHAR = re.compile(
    r"(?:[\u0915-\u0939]\u094D\u200D?)*[\u0915-\u0939]"
    r"[\u093E-\u094C]?[\u0901-\u0903]?"
    r"|[\u0905-\u0914\u0972][\u0901-\u0903]?")

def julto(shabd, pahile, shevat):
    a = AKSHAR.findall(shabd)
    return len(a) == 3 and a[0] == pahile and a[2] == shevat
```

`\u200D` मुद्दाम घातलाय. ‘कैऱ्या’मधला ऱ्य काही कळफलकांवर या न दिसणाऱ्या चिन्हानं लिहिला जातो, आणि ते वगळलं तर एका अक्षराची दोन होतात. `\u0972` म्हणजे ॲ. तो बाकीच्या स्वरांपासून दूर ठेवलेला आहे, म्हणून वेगळा लिहावा लागतो.

अडचण यादीचीच आहे. नेटवरच्या मजकुरातून केलेल्या यादीत घरात, घराला, वसेल सगळं असतं, गावांची आणि माणसांची नावंही असतात. शेवटी निवडायला माणूस लागतोच. आणि यादीत एखादा शब्द नाही म्हणून तो मराठीत नाही असं म्हणता येत नाही.

---

आडवेउभे
मिहानवाला, हे उत्तम. मी आधी कानानं आणि मग यादीनं तपासायला सुरुवात करतो.

निवडीसाठी मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे दोन्ही कोश नेटवर शोधता येतात. पण मोल्सवर्थची दुसरी आवृत्ती १८५७ ची आणि दाते-कर्वे यांचे खंड १९३२ ते १९३८ मधले. आपण आज पाळतो ते शुद्धलेखनाचे नियम शासनानं १९६२ साली स्वीकारले. त्यामुळे कोशात शब्द शोधताना जुन्या धाटणीचे अनुस्वार आणि ऱ्हस्व-दीर्घ भेटतात. शब्द आहे की नाही हे कोशात पाहावं, मधल्या चौकटीतला इकार कसा लिहायचा ते आजच्या नियमानं ठरवावं.

---

वऱ्हाडी_ठेचा
माह्या प्रश्नाचं उत्तर कोनी देल्लं नाई. मी दुसरा देतो. ‘सां _ र’. आमच्या घरी ह्याचं उत्तर ‘सांबार’ हाय. भाजीवर टाकाले जो लागते तो. पुन्याचा मानूस ‘सांबर’ म्हनीन, पेंचच्या जंगलातलं. फलक नागपुरात हाय, वाचनारी पोट्टी नागपूरची हायत. मंग सांबार चूक काऊन?

---

गणमात्रा
कोथिंबिरीला प्रमाण शब्द कोथिंबीरच. मुलांना परीक्षेत प्रमाण भाषा लिहायची आहे, तिथे सांबार लिहिलं तर गुण मिळणार नाही. सराव तसाच हवा. सगाई तर हिंदीच आहे, तिचा प्रश्नच नाही.

---

वऱ्हाडी_ठेचा
फलकावर परीक्षा थोडीच हाय जी. बर्डीवर भाजीवाल्याले कोथिंबीर मांगा, तो देते, पन आवाज ‘सांबार घ्या सांबार’ असाच देते. तो शब्द नाई तं काय हाय मंग?

---

आडवेउभे
ठेचाभाऊ, सगाईबद्दल मी गणमात्रांच्या बाजूचा आहे, सांबारबद्दल तुमच्या. सांबार हा पिढ्यान् पिढ्या वऱ्हाडात आणि नागपुरात बोलला जाणारा मराठी शब्द आहे. फलक परीक्षेचा नसेल तर मी तो बरोबर धरेन. पण मग त्या साच्याला दोन उत्तरं झाली, एक ब आणि एक बा. कोडं रचणाऱ्यानं हे आधीच ओळखून एक तर खाली अर्थ द्यावा, ‘जंगलातला प्राणी’, किंवा साचाच बदलावा.

---

गणमात्रा
अर्थ दिला तर ते गाळलेल्या अक्षराचं कोडं कसलं? ‘जंगलातला प्राणी’ वाचल्यावर अक्षराकडे कोण बघतं? मुलं सरळ सांबर लिहितील. माझ्या मते अर्थ देऊ नये. एकच उत्तर निघत नसेल तर तो साचा टाकून द्यावा.

---

त्रिमूर्तीनगर_ताई
सगळ्यांचे आभार. सनई आणि वकील दोन्ही बाजूला ठेवले. मिहानवाला दादा, तुमचं मला चालवता येणार नाही, पण भाच्याला देते.

सुटा साचा एकच उत्तर देईल असं फार थोड्या वेळा होतं, एवढं ध्यानात आलं. काल ‘ब _ ण’ घेऊन पाहिला. बहीण एकच निघेल अशी आशा होती, पण बटण निघालं. शिष्यवृत्तीच्या पुस्तकात अधिकच्या चिन्हासारखी आकृती असते. मध्ये एक रिकामी चौकट, आडवा शब्दही तिच्यातून जातो आणि उभाही. तसं केलं तर दुसरं उत्तर बंद होतं का?

---

आडवेउभे
बहुतेक वेळा होतं, पण आपोआप होत नाही. तुमचाच ‘स _ ज’ आडवा घेऊ आणि उभा ‘ल _ र’.

आधी दोहोंपैकी घट्ट साचा कोणता ते बघायचं आणि त्याची पूर्ण यादी करायची. स _ ज मध्ये मला समज, सहज, समाज, सतेज, सरोज आणि सबीज मिळाले. आता यातलं प्रत्येक मधलं अक्षर दुसऱ्या साच्यात घालून म्हणायचं: लमर, लहर, लमार, लतेर, लरोर, लबीर. लहर सोडून एकही शब्द नाही. ल _ र चे स्वतःचे लष्कर, लकेर वगैरे शब्द आहेत, पण ते बघायची गरजच उरत नाही, कारण ष्क किंवा के स _ ज मध्ये बसत नाहीत हे पहिल्या यादीनंच सांगितलं. एका सैल साच्याला दुसरा घट्ट साचा असा बांधून ठेवतो.

आता बिघडतं कुठे ते पाहा. आडवा ‘क _ र’, उभा ‘ज _ र’. रचणाऱ्याच्या मनात ह आहे: कहर, जहर. पण ब घालून म्हणा: कबर, जबर. दोन्ही भुजा जुळल्या, कोडं फुटलं. कारण दोन्ही साचे र नं संपणारे आणि दोन्ही सैल. क _ र मध्ये कदर, कसर, करार, कठोर असे ढिगानं शब्द आहेत, ज _ र मध्येही जठर आणि जरूर आहेतच. दोन मोठ्या याद्या एकमेकींवर ठेवल्या की कुठेतरी दोनदा जुळतातच. म्हणून एक तरी भुजा अशी घ्यावी की जिच्यात दोन-चारच शब्द बसतात. र, ल, त, न यांनी संपणारे साचे सैल असतात. ‘णे’नं संपणारा तर कधीच घेऊ नये. ‘क _ णे’ म्हटलं की करणे, कळणे, कढणे, कसणे, आणि ही सगळी कोशातली रूपं आहेत, त्यांना नाही म्हणता येत नाही. पहिल्या अक्षरावर अनुस्वार किंवा मात्रा असेल तर साचा आवळतो. ‘मां _ र’ मध्ये मला मांजराशिवाय काही सापडलेलं नाही.

पर्यायांबद्दलही एक सांगतो. चुकीचे तीन पर्याय कुठेच न बसणारे दिले तर मूल एक भुजा बघून उत्तर देतं आणि दुसरीकडे बघतच नाही. चुकीचा पर्याय एका भुजेत बसावा आणि दुसऱ्या भुजेत पडावा. स _ ज / ल _ र साठी मी ह, म, मा, ष्क असे देईन. म आणि मा आडव्यात बसतात, ष्क उभ्यात बसतो, दोन्हीकडे फक्त ह. ज्या मुलीचा गुण गेला, तिला तुमच्या फलकावर ‘समज’ही दिसेल आणि तो का चालत नाही हेही कळेल.

---

बेसा_रोड
हे मुलाला दाखवलं. त्यानं विचारलं, पर्यायच दिले नाहीत तर? आमच्याकडे मग तो आणि त्याची आई रात्री जेवताना ल _ र वर बसले होते. त्यांना ‘लाचार’ मिळाला. मी म्हटलं, ला नाही, ल आहे.

---

मिहानवाला
क _ र / ज _ र माझ्या यादीवर चालवलं. ब आणि ह दोन्ही आले. ‘म’साठी कमर आणि ‘जमर’ असंही दाखवत होतं. दुसरा शब्द कुठून आला कळेना, मूळ मजकूर उघडला तर ‘जमीनदार’ असं काहीतरी तुटून ते झालं होतं. यादीवर आंधळा विश्वास ठेवू नका, हे माझं मलाच पटलं.

---

त्रिमूर्तीनगर_ताई
मग पहिल्या आठवड्याचं कोडं हे:

आडवा: पा _ स
उभा: दे _ ळ
पर्याय: (१) य (२) ड (३) ऊ (४) व

उत्तर ऊ: पाऊस, देऊळ. य नं पायस होतो, ड नं पाडस होतं, पण देयळ किंवा देडळ नाही. व मुद्दाम घातला. मुलं ‘देवळात’ म्हणतात, त्यामुळे ‘देवळ’ घ्यायचा मोह होईल, आणि मग पावस अडेल. मुलं मध्ये सुटा स्वर घ्यायला बिचकतात, तेही यातून सुटेल.

---

आडवेउभे
फार चांगलं रचलंय. दे _ ळ घट्ट आहे, मला देऊळ सोडून काही मिळालं नाही. ‘देवळ’ हे प्रत्यय लागतानाचं रूप, एकटं उभं राहत नाही.

---

रत्नागिरी_एक्सप्रेस
पहिल्यांदाच लिहितोय. ‘पावस अडेल’ म्हणालात, पण पावस अडत नाही हो! आमच्या रत्नागिरीजवळचं गाव आहे, स्वामी स्वरूपानंदांचं. आमच्याकडचं मूल व घेईल आणि पावस–देवळ दोन्ही बरोबर म्हणून भांडेल.

---

गणमात्रा
विशेषनाम धरायचं नाही, हे फलकावरच लिहून ठेवा.

---

वऱ्हाडी_ठेचा
लिहाच, पन एका बाजूनं गाव आन् दुसऱ्या बाजूनं ‘देवळ’ असं अर्धवट दोनी जुळून रायलं, तं पोट्टं हट्ट धरनारच. व काढून टाका ताई.

---

त्रिमूर्तीनगर_ताई
व काढला, त्याजागी र घेते. पारस आपल्या मुलांना औष्णिक वीज केंद्रामुळे ऐकून माहीत आहे, अकोल्याकडचं गाव. कोणी तिकडून आलंच तरी ‘देरळ’वर थांबेल. विशेषनाम चालणार नाही ही ओळ खाली लिहितेय. सांबारचं मात्र माझं अजून ठरत नाही, तो साचा दुसऱ्या आठवड्यासाठी बाजूला ठेवला आहे. ब ला दुसरी भुजा कोणती जोडता येईल ते सुचवा, म्हणजे बा आपोआप बाहेर पडेल. नाहीतर बा साठीच एखादी भुजा शोधा, म्हणजे सांबारच उत्तर होईल.